टेस्टर ‘फेज-अर्थ उलटे’ म्हणतो, तुटलेलं मात्र न्यूट्रल असतं

प्रश्न: अमळनेरला आमचं जुनं घर आहे. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर आणला. स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये तो ‘फेज-अर्थ उलटे’ दाखवतो. सॉकेट खोलून पाहिलं तर लाल, काळी, हिरवी जागच्या जागी आहेत. कालपासून फ्रीज बंद, मिक्सरही चालत नाही, पण साधा पेनासारखा टेस्टर डाव्या-उजव्या दोन्ही भोकांत पेटतो. हॉलमध्ये सगळं नीट चालतं. आई रोज त्याच बोर्डावर काम करते. टेस्टरच खराब निघाला का?

उत्तर: टेस्टर शाबूत आहे, भाऊ. अपुरा आहे तो त्याच्या पाठीवर छापलेला तक्ता. तुमच्याकडे फेज आणि अर्थ उलटे झालेले नसावेत. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये कुठेतरी न्यूट्रल तुटलंय, असा माझा अंदाज आहे. अंदाज म्हणतोय, कारण बोर्ड मी पाहिलेला नाही. तो खरा की खोटा हे कसं ठरवायचं ते पुढे सांगतो. तोवर स्वयंपाकघराचा एमसीबी पाडून ठेवा आणि फ्रीजची पिन काढून ठेवा. समजा तक्ताच खरा निघाला, तर त्या सॉकेटात लावलेल्या प्रत्येक वस्तूच्या पत्र्यावर थेट फेज आहे. ती शक्यता पुरती मिटेपर्यंत आईंना तिकडे हात लावू देऊ नका.

या टेस्टरच्या पोटात फारसं काही नसतं. पिना तीन, म्हणून जोड्याही तीन, आणि प्रत्येक जोडीत एक दिवा. पहिला दिवा फेज आणि न्यूट्रलच्या पिनेत, दुसरा फेज आणि अर्थच्या, तिसरा न्यूट्रल आणि अर्थच्या. ज्या दोन पिनांत 230 व्होल्टच्या आसपास फरक सापडला, त्यांच्यातला दिवा पेटतो. तुमच्या टेस्टरवर हे दिवे कोणत्या क्रमाने बसवलेत ते कंपनीगणिक बदलतं. म्हणून आधी हॉलच्या चांगल्या सॉकेटात लावून बघा. तिथे जो दिवा विझलेला राहील, तो माझ्या हिशेबातला तिसरा. तक्त्यातल्या ‘फेज-अर्थ उलटे’ या ओळीत जो विझलेला दाखवलाय तो पहिला, आणि उरलेला दुसरा.

सगळं ठीक असेल तेव्हा पहिला आणि दुसरा पेटतात. अर्थ तुटला असेल तर फक्त पहिला, आणि न्यूट्रल तुटलं असेल तर फक्त दुसरा. फेज-न्यूट्रल उलटे असतील तर पहिला आणि तिसरा. फेज-अर्थ उलटे असतील तर दुसरा आणि तिसरा. घरातली एखादी तार तुटलेली असली की स्वस्तातल्या टेस्टरमध्ये उरलेले दोन दिवे मिणमिणतात, कारण ते एकामागे एक जोडल्यासारखे होऊन व्होल्टेज वाटून घेतात. तसला मंद उजेड हिशेबात धरायचा नाही.

हा तक्ता एक गोष्ट गृहीत धरतो: तार तुटली म्हणजे तिचं पुढचं टोक मोकळं लोंबतंय, त्याला काही जोडलेलं नाही. घरात तसं क्वचितच असतं. तुटलेल्या तारेच्या पुढच्या तुकड्याला फ्रीज जोडलेला असतो, कूलर जोडलेला असतो, गेलाबाजार बोर्डावरचा छोटा इंडिकेटर तरी असतोच. त्यामुळे तो तुकडा मोकळा राहत नाही, ज्याच्याशी जोडलेला असतो त्याचं व्होल्टेज उचलतो. टेस्टरला तारा दिसत नाहीत, पिना दिसतात. पिनेवर जे आलंय ते तो इमानदारीत दाखवतो आणि आपण तक्त्यात चुकीची ओळ वाचतो.

आता तुमचा फ्रीज घ्या. उजव्या भोकातून फेज आत शिरतो, कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगमधून जातो आणि डाव्या भोकातल्या काळ्या तारेने परत निघतो. पुढे ती काळी तार तुटलेली. करंट वाहत नाही, म्हणून फ्रीज बंद. पण करंट वाहत नाही म्हणूनच वाइंडिंगमध्ये व्होल्टेजही पडत नाही, आणि काळ्या तारेचा सगळा पुढचा तुकडा 230 व्होल्टवर जाऊन बसतो. डावीकडेही फेज, उजवीकडेही फेज. त्या दोघांत फरक शून्य, म्हणून पहिला दिवा बंद. उजवी आणि अर्थ यांत 230, दुसरा पेटला. डावी आणि अर्थ यांतही 230, तिसराही पेटला. दुसरा आणि तिसरा मिळून तक्त्यात काय होतं? फेज-अर्थ उलटे.

तुमचा साधा टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो, यातच अर्धं उत्तर आहे. समोरून पाहताना आपल्या सॉकेटात वरचं मोठं भोक अर्थचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. खरोखर फेज-अर्थ उलटे असते तर साधा टेस्टर वरच्या भोकात पेटला असता आणि उजव्यात विझला असता. तुमच्याकडे उजवं पेटतंय, डावंही पेटतंय. वरच्याबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, ते बहुतेक विझलेलंच सापडेल.

खात्री करायची सोपी रीत अशी. स्वयंपाकघरातल्या आणि त्याच लाइनवरच्या सगळ्या पिना काढा. नुसतं बटण बंद करून थांबू नका, पिना बाहेर काढा. ट्यूब, पंखा, एक्झॉस्ट यांचीही बटणं बंद करा. मग एमसीबी उचलून फक्त सॉकेट टेस्टर लावा. आता एकटा दुसरा दिवा ठळक पेटला, बाकीचे विझले किंवा मिणमिणले, तर न्यूट्रल तुटल्याचं पक्कं. तरीही दुसरा-तिसरा दोन्ही तितकेच ठळक राहिले, तर एमसीबी लगेच पाडा, पुढचं काहीही उघडू नका आणि मल्टिमीटरवाला वायरमन बोलवा. मग एकतर फेज-अर्थ खरंच उलटे आहेत किंवा लाइनवर एखादी वस्तू लपून राहिली आहे.

मल्टिमीटर असेल तर तेच आकड्यांत दिसेल. फ्रीज लावलेला असताना डावी-उजवी जवळपास शून्य, उजवी-अर्थ 230 च्या आसपास, डावी-अर्थही तितकंच. फ्रीज काढला की डावी-अर्थचा आकडा कधी 40, कधी 90 असा भटकत राहील. ते भुताटकीचं व्होल्टेज, शेजारून जाणाऱ्या फेजच्या तारेने लोंबत्या तारेवर आणलेलं. डिजिटल मीटर तारेतून इतका नगण्य करंट ओढतो की त्याला तेही खरं वाटतं.

एक गोष्ट थोडी रागावूनच सांगतो. तुम्ही सॉकेट खोललं तेव्हा मेन पाडला होता ना? काळी तार म्हणजे निरुपद्रवी, असं डोक्यात बसलेलं असतं. या दोषात ती काळी तार लालइतकीच जिवंत असते, कारण फ्रीजमधून फेज तिच्यावर आलेला असतो. मी शिकाऊ होतो तेव्हा पहिला खणखणीत झटका मला काळ्या तारेनेच दिला होता. उस्ताद शिडी धरून खाली उभे होते. त्यांनी फक्त विचारलं, “पिना काढल्या होत्या का?”

आता दोष शोधायचा कुठे? जुन्या घरात न्यूट्रल एका सॉकेटच्या स्क्रूखालून दुसऱ्याकडे माळेसारखं ओवत नेलेलं असतं. हॉलमध्ये सगळं नीट चालतं, स्वयंपाकघर मेलं. मग दोष त्या दोघांच्या मध्ये. भिंत फोडण्याआधी दोनच जागा पाहायच्या: शेवटच्या चांगल्या बोर्डातून पुढे निघणारी काळी तार, आणि पहिल्या वाईट बोर्डात येणारी काळी तार. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा यातल्याच एका स्क्रूखाली उत्तर सापडतं. सुटलेली तार असते किंवा काळवंडलेला, ठिसूळ झालेला शेवट. भिंतीच्या आत तार तुटलेली क्वचित निघते. कौलारू घरात माळ्यावरून पट्टी गेलेली असेल आणि तिथे कापूस किंवा धान्य साठवत असाल, तर उंदरांनाही संशयितांत धरा.

उघडण्याआधी मेन पाडा, आणि त्याबरोबर इन्व्हर्टरही बंद करा. हे विसरणारे भरपूर. मेन पडला की इन्व्हर्टर स्वतःहून चालू होतो आणि ज्या बोर्डाला आपण मेलेला समजतो त्याच्या अर्ध्या तारांत जीव असतो. मग कनेक्टर किंवा सॉकेटचा स्क्रू सैल करून तार ओढून बघा. जुन्या घरात ॲल्युमिनियमची तार निघाली तर नवल नाही. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबतं, पकड सैल होते, सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. इंडक्शन किंवा पाणी तापवायचा रॉड त्या बारीक लाइनवर लावत असाल तर हे लवकर होतं. काळं झालेलं टोक चकचकीत धातू लागेपर्यंत मागे कापा. सॉकेटचं प्लास्टिक वितळलं असेल तर सॉकेटही बदला. ॲल्युमिनियमला तांब्याची तार नुसती पिळून टेप मारू नका, तो जोड गंजून पुन्हा तापेल. मला विचाराल तर फ्रीज-मिक्सरच्या सॉकेटसाठी डीबीपासून, म्हणजे एमसीबींच्या पेटीपासून, तांब्याची 2.5 चौरस मिलिमीटरची लाल, काळी आणि हिरवी अशी वेगळी लाइन ओढून घ्या. एका दिवसाचं काम आहे आणि माळेतल्या इतर जोडांची काळजीही संपते.

हॉल चालू असल्यामुळे बाहेरचं न्यूट्रल तुटल्याची शक्यता मी तुमच्याबाबतीत सोडून दिली. पण तीन फेजचं कनेक्शन असलेल्या घरात कधी काही दिवे एकदम प्रखर झाले आणि काही मंदावले, तर टेस्टर शोधत बसू नका, सरळ मेन पाडा. मुख्य न्यूट्रल सुटलं की एखाद्या फेजवरच्या वस्तूंना 230 ऐवजी 300 च्या वरही व्होल्टेज बसू शकतं आणि टीव्ही-फ्रीज एका मिनिटात जातात. खांबाकडचा भाग महावितरणच्या लाइनमनचा, तिथे आपण हात घालायचा नाही.

आता दुसरा घोटाळा. तुमच्याकडे तो आज नसेल, पण आपल्या खान्देशात तो उन्हाळ्यात घरोघरी वाट बघत असतो. तक्त्यात ‘फेज-न्यूट्रल उलटे’ म्हणून जी ओळ आहे, ती खरी असेल तर प्रकरण त्यामानाने शांत आहे. वस्तू चालतात, फ्रीज थंड होतो, कुणाला काही कळत नाही. सॉकेट मागून जोडताना डावं-उजवं उलटं दिसतं, नवखा वायरमन तिथेच चुकतो. एका सॉकेटात एवढंच झालं असेल तर स्क्रू सोडून दोन तारा बदलल्या की काम झालं. मागे मेनपाशीच अदलाबदल असेल तर जास्त वाईट, कारण तेव्हा बोर्डावरचं बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतं. बटण बंद, गिझर बंद, पण आतल्या कॉइलवर फेज तसाच बसलेला. ओळखायची खूण सोपी: बटण बंद करूनही साधा टेस्टर सॉकेटात पेटला तर बटण न्यूट्रलवर आहे.

हीच ओळ दुसऱ्या कारणानेही पेटते, आणि तेव्हा प्रकरण शांत नसतं. एरंडोलकडच्या एका गावात मे महिन्यात मला बोलावणं आलं. म्हातारी दारातच म्हणाली, “भाऊ, कूलर झटका देस.” लोखंडी पत्र्याचा मोठा कूलर, खाली ओली फरशी. मुलाने असाच टेस्टर विकत घेतलेला, त्याने कूलरशेजारच्या सॉकेटात लावून पाहिलं तर पहिला आणि तिसरा पेटले. तक्त्यात बघितलं आणि दोन तारा अदलून टाकल्या. झटका तसाच.

मी साधा टेस्टर घेऊन भोकं पाहिली. तारा अदलल्यामुळे फेज डावीकडे आलेला, ते त्याने केलेलं. त्या आधी पूर्ववत केल्या. मग उजव्यात पेटला, डाव्यात विझला. म्हणजे मुळात जोडणी बरोबरच होती. वरच्या, अर्थच्या भोकात लावला तर तिथेही पेटला. फ्रीजच्या पत्र्याला लावला, पेटला. वॉशिंग मशीनला लावला, पेटला. मी सगळ्यांना खाली अंगणात जायला सांगितलं आणि मेन पाडला.

झालं असं होतं. कूलरच्या पंपाचं इन्सुलेशन गेलेलं, फेज पत्र्यावर आलेला. तेवढ्याने एरवी अर्थच्या तारेतून करंट जमिनीत गेला असता. पण मीटरजवळच अर्थची तार गंजून तुटली होती. घरातल्या साऱ्या सॉकेटांच्या हिरव्या तारा एकमेकींना जोडलेल्या, जमिनीला मात्र कुठेच नाहीत. म्हणजे एका कूलरचा फेज हिरव्या तारेच्या वाटेने घरातल्या प्रत्येक पत्र्यावर पसरला. सॉकेटात उजवी फेज, डावी न्यूट्रल, वर अर्थच्या जागीही फेज. फेज-अर्थमध्ये फरक शून्य, दुसरा दिवा विझला. न्यूट्रल-अर्थमध्ये 230, तिसरा पेटला. तक्ता म्हणाला, उलटे आहेत. कूलरची पिन काढली तशी एकटा पहिला दिवा उरला: अर्थ तुटला. ते खरं वाचन.

त्यांच्या घरी आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाइन तोडणारा स्विच, नव्हता. असता तर म्हातारीच्या अंगातून जाणारा करंट 30 मिलिॲम्पिअरपर्यंत पोहोचताच तो पडला असता. अर्थ तुटलेला असताना आरसीसीबी माणसाच्या अंगातून करंट गेल्यावरच पडतो, आधी नाही, हेही लक्षात घ्या. त्यामुळे एकाच्या जोरावर दुसरं टाळायचं नसतं.

तुमच्या घरी दुरुस्ती झाली की टेस्टर हॉलसारखाच पहिला-दुसरा दाखवेल. तेव्हा त्याच्याकडून एवढंच समजा की फेज आणि न्यूट्रल जागेवर आहेत आणि अर्थच्या पिनेवर काहीतरी जोडलेलं आहे. न्यूट्रल आणि अर्थ आपसांत बदलले असतील तर त्याला कळत नाही, दोन्ही जमिनीच्याच व्होल्टेजला असतात. अर्थ किती पक्का आहे तेही कळत नाही. त्याच्या दिव्याला मिलिॲम्पिअरभर करंट पुरतो, आणि आपल्या काळ्या मातीत एप्रिल-मेमध्ये भेगा पडून वाळलेला अर्थिंगचा खड्डासुद्धा तेवढा देतो. बिघडलेल्या वस्तूचा फ्यूज उडवायला मात्र तो पुरणार नाही. त्या खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने मोजून घ्यावा लागतो. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहा.

आणि अर्थ नाही म्हणून कुणी सॉकेटातच डाव्या पिनेवरून वरच्या पिनेला छोटी तार मारून देत असेल, तर त्याला हात जोडून घरी पाठवा. हे काम मी बऱ्याच बोर्डांत पाहिलंय. टेस्टर अगदी बरोबर दाखवतो, गिऱ्हाईक खूश. पण तुमच्या स्वयंपाकघरात तसली तार असती आणि काल रात्री जसं न्यूट्रल सुटलं तसंच सुटलं असतं, तर डाव्या भोकावर आलेला फेज त्या तारेवरून थेट फ्रीजच्या पत्र्यावर गेला असता. सॉकेट खोललेलंच आहे, तर मेन आणि इन्व्हर्टर बंद करून काळ्या आणि हिरव्या तारेच्या स्क्रूमध्ये असा तुकडा नाही ना, एवढं बघून घ्या.

थोडक्यात, आज संध्याकाळपर्यंत करायचं ते असं: सगळ्या पिना बाहेर, टेस्टर एकटा लावून वाचन, मग मेन-इन्व्हर्टर पाडून हॉलच्या बोर्डातली पुढे जाणारी काळी तार. पिना काढल्यावर कोणता दिवा उरला आणि वरच्या भोकात साधा टेस्टर पेटला का, ते लिहा. तोवर फ्रीजमधलं दूध शेजारी ठेवून या.